पाच मल्टिप्लेक्सर, एक झाड आणि चार सिलेक्ट लाइन

एखाद्या यंत्राच्या पॅनेलवर सोळा स्विच आहेत आणि त्यांतला हवा तो चालू आहे की बंद, हे कंट्रोलरला वाचायचं आहे. प्रत्येक स्विचला वेगळी पिन दिली तर सोळा पिना तिथेच संपतात. म्हणून मध्ये मल्टिप्लेक्सर बसवतात. कंट्रोलर चार तारांवर स्विचचा क्रमांक बायनरीत सांगतो आणि त्या स्विचची स्थिती पाचव्या तारेवर मिळते. क्रमांक सांगणाऱ्या या चार तारा म्हणजे सिलेक्ट लाइन. चार बिटांत ० ते १५ असे सोळा क्रमांक बसतात, म्हणून चार पुरतात.

सोळातून एक निवडणारं हे सर्किट थेट गेटांमधून बांधायचं म्हटलं, तर पाच-पाच इनपुटांचे सोळा अँड गेट लागतात आणि त्या सगळ्यांना एकत्र आणणारा सोळा इनपुटांचा ऑर गेट. इतक्या इनपुटांचे गेट बोजड असतात. त्यापेक्षा चारातून एक निवडणारे छोटे मल्टिप्लेक्सर घेऊन त्यांचं झाड उभारणं सोपं पडतं.

छोट्या मल्टिप्लेक्सरला चार इनपुट, दोन सिलेक्ट लाइन आणि एक आउटपुट असतं. सिलेक्टवर ०० आलं तर पहिलं इनपुट बाहेर जातं, ०१ ला दुसरं, १० ला तिसरं, ११ ला चौथं. असे चार मल्टिप्लेक्सर पहिल्या थरात मांडायचे. पहिल्याला D0 ते D3, दुसऱ्याला D4 ते D7, तिसऱ्याला D8 ते D11 आणि चौथ्याला D12 ते D15 ही इनपुटं द्यायची. या चौघांची आउटपुटं त्याच क्रमानं पाचव्या मल्टिप्लेक्सरच्या चार इनपुटांना जोडली की दुसरा थर झाला. त्याचं आउटपुट हेच आपलं अंतिम उत्तर.

आता सिलेक्ट लाइनचं पाहू. पाच मल्टिप्लेक्सरना प्रत्येकी दोन, म्हणजे दहा सिलेक्ट पिना झाल्या, पण आपल्या हातात तारा फक्त चार आहेत: S3, S2, S1, S0. यांतल्या S1 आणि S0 पहिल्या थरातल्या चारही मल्टिप्लेक्सरना एकदमच द्यायच्या, आणि S3 व S2 फक्त पाचव्याला. चार मजल्यांची, दर मजल्यावर चार खोल्यांची चाळ असावी तसा हा प्रकार आहे. S1-S0 खोलीचा नंबर सांगतात आणि तो सगळ्या मजल्यांना सारखाच लागू होतो; S3-S2 मजला सांगतात.

एक क्रमांक घेऊन शेवटपर्यंत जाऊ. आपल्याला D11 हवं आहे. अकरा म्हणजे बायनरीत १०११. शेवटची दोन बिटं ११, त्यामुळे पहिल्या थरातला प्रत्येक मल्टिप्लेक्सर आपलं चौथं इनपुट पुढे करतो. पाचव्याच्या दाराशी D3, D7, D11 आणि D15 अशी चार इनपुटं येऊन उभी राहतात. पुढची दोन बिटं १०, म्हणजे तिसरं इनपुट. म्हणून D11 बाहेर पडतं. पहिल्या थरातल्या तिघांचं काम फुकट गेलं, पण त्यांना थांबवायची गरज नाही. त्यांच्याकडे दुर्लक्ष करणं हेच पाचव्याचं काम आहे.

ब्रेडबोर्डवर हे जोडायला 74HC153 ही सोळा पिनांची चिप चांगली. तिच्यात चारास एक असे दोन मल्टिप्लेक्सर असतात. पाच हवेत म्हणजे अडीच चिपा, पण घ्याव्या लागतात तीन. चिपमधल्या दोन्ही मल्टिप्लेक्सरच्या सिलेक्ट पिना आतूनच एक केलेल्या आहेत. पहिल्या थरातल्या चौघांना सारख्याच लाइन द्यायच्या असल्यामुळे ते दोन चिपांत नेमके बसतात. पाचव्याच्या लाइन वेगळ्या, म्हणून त्याला स्वतंत्र चिप लागते आणि तिचा अर्धा भाग रिकामा राहतो. त्या अर्ध्या भागाची इनपुटं ग्राउंडला जोडावीत. या जातीच्या चिपचं इनपुट लोंबकळत ठेवलं तर ते शून्य की एक याचा भरवसा राहत नाही. वापरातल्या मल्टिप्लेक्सरच्या एनेबल पिनाही ग्राउंडला हव्यात. तिथे एक दिलं की आउटपुट कायम शून्यावर बसतं.

हमखास होणारी चूक म्हणजे सिलेक्टच्या जोड्यांची अदलाबदल. S3-S2 पहिल्या थराला गेल्या आणि S1-S0 पाचव्याला, तर अकरा मागितल्यावर १०११ चं १११० होतं आणि D14 बाहेर येतं. फसवी गोष्ट अशी की ०, ५, १० आणि १५ हे क्रमांक तरीही बरोबर येतात, कारण त्यांच्या दोन्ही जोड्या सारख्याच आहेत. पहिलं आणि शेवटचं इनपुट तपासून समाधान मानलं तर बाकीचे बारा चुकलेले कळणारच नाहीत. म्हणून एका इनपुटाला एक आणि उरलेल्या पंधरांना शून्य द्यावं, सोळाही क्रमांक फिरवावेत आणि आउटपुट फक्त त्याच क्रमांकाला एक होतं का ते पाहावं. मग पुढचं इनपुट घ्यावं.

खरं तर ही अदलाबदल मुद्दामही करता येते. पहिल्या मल्टिप्लेक्सरला D0, D4, D8, D12, दुसऱ्याला D1, D5, D9, D13 अशी इनपुटं वाटली, तर वरची बिटं पहिल्या थराला आणि खालची पाचव्याला देऊनही उत्तर अचूक येतं. मग कोणती जोडी कुठे द्यायची हे ठरवतो वेळ. पहिल्या थराच्या सिलेक्टवरचा बदल आउटपुटापर्यंत पोचायला दोन मल्टिप्लेक्सर ओलांडतो, पाचव्याच्या सिलेक्टवरचा फक्त एक. त्यामुळे जी बिटं उशिरा तयार होतात, ती पाचव्याला द्यावीत आणि इनपुटांची मांडणी त्यानुसार करावी.

वेळेतला हाच फरक एक त्रासही देतो. आपल्या मूळ मांडणीत क्रमांक ३ वरून ४ वर, म्हणजे ००११ वरून ०१०० वर गेला असं धरू. पाचवा मल्टिप्लेक्सर आधी वळतो आणि दुसऱ्या गटाकडे पाहू लागतो, पण पहिला थर अजून ११ वरच असतो. त्या काही नॅनोसेकंदांत आउटपुटावर D7 येतं आणि मग D4. D3 आणि D4 दोन्ही शून्य असले तरी D7 एक असेल, तर मध्येच एक बारीक टोक उमटू शकतं. कंट्रोलरनं क्रमांक बदलून क्षणभर थांबून वाचलं, तर त्याला ते दिसतही नाही. पण हेच आउटपुट एखाद्या काउंटरच्या क्लॉकला जोडलं असेल, तर त्या टोकानं एक आकडा जास्त मोजला जाऊ शकतो. अशा ठिकाणी आउटपुट स्थिरावल्यावर ते फ्लिपफ्लॉपमध्ये पकडावं आणि मगच पुढे वापरावं.