पाच लाखांचं पान दीड लाखावर कसं आलं : क्राउडफंडिंगचं पान दुरुस्त करताना

ज्यांना बोईसर लोकलच्या गर्दीत एपिसोड नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. यावेळचे आकडे कानाने पकडण्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेले बरे.

तर झालं असं, की पालघरची माझी एक मैत्रीण शाळेत शिकवते. वाणगाव आणि डहाणूच्या बाजूच्या पाड्यांवरच्या आज्यांकडून तिने बारा गोष्टी ऐकून लिहून घेतल्या. आता त्यांचं वारली चित्रांचं पुस्तक काढायचंय, आणि पैसे क्राउडफंडिंगने जमवायचेत. तिने पानाचा कच्चा मसुदा मला पाठवला. सुरुवात अशी होती: "आपली प्राचीन वारली कला लुप्त होत आहे. तिला वाचवण्यासाठी आम्हाला साथ द्या. ध्येय: ५,००,००० रुपये."

तीन वाक्यं, आणि तिन्ही दुरुस्त करावी लागली.

आधी गोष्ट

"कला लुप्त होत आहे" हे वाचणाऱ्याला पटत नाही. कारण वारली चित्रं त्याला कुर्त्यावर, कपावर, रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर रोज दिसतात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हेही अनेकांना माहीत असतं. एक वाक्य खोटं वाटलं की पुढच्या खऱ्या वाक्यांवरही शंका येते.

मी तिला विचारलं, नेमकं काय हरवतंय? ती म्हणाली, "चित्रं राहतील रे, पण गोष्टी सांगणाऱ्या आज्या राहणार नाहीत. आणि माझ्या वर्गातल्या पोरांच्या हातात त्यांच्या घरच्या बोलीतलं एकही पुस्तक नाही."

बस, हीच गोष्ट! नवीन सुरुवात अशी झाली: "पाड्यांवरच्या पाच आज्यांनी सांगितलेल्या बारा गोष्टी मी वहीत उतरवल्या आहेत. त्या वारली बोलीत आणि मराठीत, शेजारी शेजारी छापायच्या आहेत. चित्रं याच भागातले दोन वारली चित्रकार काढतील." यातलं प्रत्येक वाक्य तपासता येतं. खाली वहीच्या एका पानाचा फोटो आणि एका आजीचा अर्ध्या मिनिटाचा आवाज टाकला. आवाज आणि नाव वापरायला आजीची परवानगी आधी घेतली. शाळेतल्या मुलांचे चेहरे मात्र टाकले नाहीत.

मग ध्येय

पाच लाख कुठून आले? "बरे वाटले म्हणून," असं तिचं उत्तर. गोल आकडा दिसला की वाचणाऱ्याला लगेच कळतं, हिशेब झालेला नाही. मग आम्ही कागद घेऊन बसलो.

दोन चित्रकारांचं मानधन ४०,०००. पानांची मांडणी आणि मुद्रितशोधन १५,०००. छपाई ५०० प्रती, प्रत्येकी १२० प्रमाणे ६०,०००. छपाईचा आकडा छापखान्याच्या लेखी कोटेशनवरून घेतला, आणि त्या कोटेशनचा फोटोही पानावर लावला. बक्षिसांसाठी हाताने काढलेली २० छोटी चित्रं, प्रत्येकी ५०० प्रमाणे १०,०००. आणि २१२ पार्सलांचं पॅकिंग व टपाल, प्रत्येकी ८० प्रमाणे १६,९६०. एकूण १,४१,९६० रुपये. २१२ हा आकडा कुठून आला ते पुढे सांगतो.

आता इथे बहुतेक जण चुकतात. जमलेली पूर्ण रक्कम हातात येत नाही. समजा संकेतस्थळ ५ टक्के आणि पेमेंट गेटवे २ टक्के घेतं, आणि या ७ टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ८.२६ टक्के गेले. (तुमच्या संकेतस्थळाचे दर वेगळे असतील, ते आधी वाचा.) मैत्रिणीने खर्चात ८.२६ टक्के मिळवले आणि १,५३,६८६ काढले. पण कपात खर्चावर होत नाही, जमलेल्या रकमेवर होते. त्यामुळे साधारण ९७० रुपये कमी पडतात. बरोबर रीत म्हणजे भागाकार: १,४१,९६० ÷ ०.९१७४ = १,५४,७४२. ध्येय ठेवलं १,५५,०००.

बक्षिसं

मसुद्यात ४९९ रुपयांना टी-शर्ट होता. टी-शर्ट छापून २८०, टपाल ८०, कपात ४१. उरले ९८ रुपये. वर साइज चुकला की परत पाठवायचा खर्च वेगळा. मदत करणारा समजतो मी पुस्तकाला ५०० दिले, आणि खरं तर तो टी-शर्ट विकत घेतोय. म्हणून तो काढून टाकला.

दोनच बक्षिसं ठेवली. ६०० रुपयांना पुस्तक: छपाई १२०, टपाल ८०, कपात ५० जाऊन ३५० रुपये पुस्तकाच्या बाकी कामाला उरतात. आणि २,००० रुपयांना पुस्तक व एक मूळ चित्र, फक्त २०. वीसच का, तर चित्रकार तेवढीच वेळेत काढू शकतात, आणि हे कारणही पानावर लिहिलं.

आता ताळा करून बघा. २० जणांचे ४०,००० आणि १९२ जणांचे १,१५,२००, मिळून १,५५,२००. ध्येय पूर्ण. माणसं झाली २१२, म्हणून पार्सलंही २१२. बक्षिसं आणि ध्येय असे एकमेकांशी जुळले नाहीत तर पानात कुठेतरी भोक आहे, असं समजा. उरलेल्या २८८ प्रतींपैकी २५० जिल्हा परिषदेच्या शाळांना आणि आश्रमशाळांना जातील, ३८ प्रती टपालात हरवल्या किंवा भिजल्या तर बदलून द्यायला.

कधी, आणि नाही जमलं तर?

"पुस्तक लवकरच मिळेल" हे वाक्य खोडलं. चित्रकार शेतकरीही आहेत. जून-जुलैत भाताची लावणी सुरू झाली की त्यांच्या हातात ब्रश येणार नाही. म्हणून लिहिलं: चित्रं मे अखेरपर्यंत, मांडणी पावसाळ्यात, छपाई ऑक्टोबरमध्ये, पार्सलं नोव्हेंबरमध्ये. उशीर होण्याचं खरं कारण आधीच सांगितलं की लोक ते समजून घेतात.

ध्येय गाठलं नाही तर काय, हेही लिहायचं. काही संकेतस्थळं पूर्ण ध्येय गाठलं तरच पैसे देतात, काही जमेल तेवढे देतात. दुसऱ्या प्रकारात अर्ध्या पैशांत काय करणार ते सांगणं तुमची जबाबदारी. तिने लिहिलं: "८०,००० च्या वर जमले तर सहा गोष्टींचं छोटं पुस्तक काढू. त्याहून कमी जमले तर पैसे परत."

दोन गोष्टी खोडल्याच. "करसवलत मिळेल" हे फक्त ८०जी मान्यता असलेली संस्था म्हणू शकते, ती एकटी व्यक्ती आहे. आणि "विक्रीच्या नफ्यात वाटा" हे तर मुळीच नको. लोकांना नफ्याचं आमिष दाखवून पैसे गोळा करणं ही देणगी राहत नाही, ती गुंतवणूक होते, आणि तिचे कायदे वेगळे आहेत.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. शंभरेक वर्षांपूर्वी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्यातून तळेगावला काच कारखाना निघाला. मागणी होती एका पैशाची. देणाऱ्याला किती द्यायचे ते कळत होतं, आणि पैसा कुठे गेला ते तळेगावला जाऊन बघता येत होतं.

मैत्रिणीचं पान पाठवायच्या आधी आम्ही शेवटचं एक काम केलं. ते तिच्या काकांना वाचायला दिलं, जे तारापूर एमआयडीसीत अकाउंट्स बघतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "पैसे कुणाच्या खात्यात येणार?" ते लिहायचं राहिलंच होतं. आता पहिल्या परिच्छेदाखालीच लिहिलंय.