न धावताही म्हातारी होणारी स्टेपनी

गेल्या मे महिन्यात खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी आमच्या गाडीचं मागचं चाक बसलं. डिकीतून स्टेपनी काढली, तर तिच्यात हवा जेमतेम चौदा. टायरवरचे नव्या रबराचे केससुद्धा झिजले नव्हते, पण कडेच्या भिंतीवर बारीक भेगांचं जाळं पसरलेलं. पंक्चरवाल्याने तिथले चार आकडे बोटाने दाखवले : 2216. म्हणजे 2016 सालचा बाविसावा आठवडा. "साहेब, ही पळाली नाही, पण पिकली," तो म्हणाला.

हवेतला ओझोन ताणलेलं रबर चिरतो. त्यापासून बचाव म्हणून टायरच्या रबरात मेण आणि काही रसायनं घातलेली असतात. चाक फिरताना टायर सतत दबतो, वाकतो आणि हे मेण आतून पृष्ठभागावर येत राहतं. पडून असलेल्या टायरला ही मालिश मिळत नाही. त्यात उन्हात तापलेली डिकी. उष्णतेने रबर आणखी लवकर कडक होतं.

तेव्हापासून मी महिन्यातून एकदा स्टेपनीची हवा तपासतो. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दोन-तीन पौंड जास्त ठेवतो, कारण हवा हळूहळू उतरतेच. जास्तीची हवा चाक लावताना काढता येते, घाटात भरता येत नाही. स्टेपनी इतर चाकांच्याच मापाची असेल, तर चाकांची अदलाबदल करताना तिलाही पाळीत घ्यावं. लहान मापाची असेल तर नाही. गाडीच्या पोटाखाली टांगलेली स्टेपनी पावसाळ्यानंतर उतरवून चिखल धुवावा, नाहीतर साखळी गंजते आणि ऐनवेळी चाक खालीच येत नाही.

जादा टायर घरी ठेवायचे असतील तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत आणि काळ्या पिशवीत घट्ट बांधून अंधाऱ्या, कोरड्या खोलीत ठेवावेत. चकाकीचं पॉलिश लावू नये. गच्चीवर निळ्या ताडपत्रीखाली ठेवणं सर्वांत वाईट, तिथे ऊन आणि कोंडलेली उष्णता दोन्ही. पाण्याच्या मोटारीजवळही नको, कारण ठिणग्यांतून ओझोन तयार होतो. डिझेलचा डबा तर लांबच हवा. तेल मुरलं की रबर फुगून मऊ पडतं. रिमसह चाकं आडवी, एकावर एक ठेवलेली चालतात. नुसता टायर मात्र उभा ठेवावा आणि दर महिन्याला थोडा फिरवावा, नाहीतर खालची बाजू चपटी होते.

एवढं करूनही वय थांबत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही कोरी दिसली तरी बदलावा. आज गाडी काढण्याआधी डिकी उघडून ते चार आकडे वाचा.