आधीचे छायाचित्र, नंतरचे छायाचित्र

मुरुमांच्या डागांवरील मलमाच्या जाहिरातीत शेजारी शेजारी छापलेल्या दोन छायाचित्रांतील फरक पुष्कळदा औषधाचा नसून दिव्याचा असतो. कारण बाजूने पडलेल्या प्रखर प्रकाशात त्वचेवरील प्रत्येक खळगा आपली छाया टाकतो, आणि समोरून येणाऱ्या सौम्य प्रकाशात तीच त्वचा, मलमाचा थेंबही न लावता, नितळ भासते. अशा वेळी गालाकडे न पाहता नाकाखालच्या सावलीकडे, बुबुळातील दिव्याच्या प्रतिबिंबाकडे आणि मागच्या भिंतीच्या रंगाकडे पाहावे. ही तिन्ही बदललेली असतील, तर ती तुलना पुरावा म्हणून दाखल करण्याच्या लायकीची नाही. प्रामाणिक विक्रेत्याने दिवा, अंतर व कॅमेरा तेच ठेवावे, प्रसाधन टाळावे, दोन्ही तारखा छापाव्यात, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांचाही उल्लेख करावा. हा शेवटचा भाग सर्वांत कठीण, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा.

छायाचित्रांप्रमाणेच विक्रीच्या पानावरील मुदतही तपासावी. ‘सवलत संपण्यास दहा मिनिटे’ सांगणारे घड्याळ दुसऱ्या फोनवर उघडताच पुन्हा दहापासून सुरू झाले, तर ती मुदत बनावट समजावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनेचे जे 13 प्रकार नमूद आहेत, त्यांत अशी खोटी निकड पहिली आहे. मात्र साठा किंवा मुदत खरोखरच मर्यादित असून ती जशीच्या तशी सांगितली, तर त्यास हरकत नाही.