गिटलॅबचा कबुलीजबाब

सेवा बंद पडली की कंपन्या बहुधा ‘तांत्रिक अडचणीमुळे’ एवढेच सांगून मोकळ्या होतात. प्रोग्रामरांचे काम साठवणाऱ्या गिटलॅबने 2017 मध्ये तसे केले नाही.

31 जानेवारीला एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. सेकंद-दोन सेकंदांत चूक ध्यानात आली, पण तोवर सुमारे 300 जीबी डेटा गेला होता. कंपनीच्या निवेदनात हे लिहिलेच. पण खरे कारण त्यापुढचे होते. रोजचा बॅकअप निघतच नव्हता, कारण बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा होता. तो अपयशी ठरल्याच्या ईमेल सूचनाही वाटेतच नाकारल्या जात होत्या. वाचवले ते योगायोगाने सहा तास आधी काढलेल्या एका प्रतीने.

नुकसान सांगतानाही मोघमपणा नव्हता: अंदाजे 5000 प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या आणि 700 नवी खाती गेली, मूळ कोड मात्र शाबूत राहिला. ही शेवटची ओळ ग्राहकाला सर्वांत आधी हवी असते.

पुढच्या पावलांत ‘अधिक काळजी घेऊ’ अशी भाषा नव्हती. बॅकअपमधून डेटा खरोखर परत मिळतो का, याची आपोआप चाचणी आणि आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत हे पडद्यावर ठळक दिसण्याची सोय, अशी तपासून पाहता येणारी कामे होती. आज्ञा देणाऱ्यावर मात्र खापर फोडलेले नव्हते.