फ्रिजचा पहिला धक्का

कोकणात पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की आठ-आठ तास लाइट नसते. अशाच एका रात्री आमच्याकडे दिवे लागले, पंखा फिरला, पण फ्रिज काही चालेना. मागून टक् असा आवाज यायचा, सेकंदभर घरघर व्हायची आणि पुन्हा टक्. इन्व्हर्टरवर ओव्हरलोडचा लाल दिवा लागायचा. दुकानदार म्हणाला, ‘बॅटरी मोठी घ्या.’ माझी बॅटरी १५० अँपिअर-तासांची होती, तीही नवी.

बॅटरी खरंच कमी पडत होती का, ते आधी पाहिलं. फ्रिज १९० लिटरचा, एकदारी. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर कॉम्प्रेसर चालू असताना ११५ वॉट दिसत होते. तो सतत चालत नाही, उकाड्यात साधारण निम्मा वेळ चालतो. म्हणजे आठ तासांत सुमारे ४६० वॉट-तास. इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा वाया जातो आणि तो नुसता चालू राहायलाही थोडी वीज खातो. सगळं धरून ७०० च्या घरात. बॅटरीत १२ गुणिले १५०, म्हणजे १८०० वॉट-तास असतात. ती निम्म्याच्या खाली उतरवू नये म्हणून ९०० धरायचे. एकट्या फ्रिजला पुरतात. मात्र ७५ वॉटचा पंखाही तेवढेच तास लावला तर दुसरी बॅटरी हवी.

मग अडत कुठे होतं? पहिल्या क्षणी. थांबलेली मोटर फिरायला लागताना नेहमीच्या पाच-सहापट, कधी त्याहून जास्त करंट ओढते, तोही सेकंदाच्या आत. आमचा फ्रिज चालताना पाऊण अँपिअर घेतो, सुरू होताना पाच. म्हणजे ११०० व्हीएच्या वर. इन्व्हर्टर होता ८५० चा, शिवाय त्यावर पंखा आणि दिवे होतेच. म्हणून १४०० ते १५०० व्हीएचा, साइन वेव्हचा घ्यावा. स्क्वेअर वेव्हवर मोटर कुरकुरते आणि तापते. ज्यांचा फ्रिजच इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा आहे, त्यांना हा धक्का जवळजवळ बसत नाही.

धक्क्याचा दुसरा मार बॅटरीला बसतो. त्या क्षणी तिच्यातून शंभराच्या आसपास अँपिअर जातात. वायर बारीक असेल, टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर चढला असेल किंवा बॅटरी चार-पाच वर्षांची असेल, तर व्होल्टेज खाली बसतं आणि चार्ज शिल्लक असतानाही इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून बंद पडतो. दिवे मात्र तासन्‌तास जळतात, त्यामुळे संशय फ्रिजवर जातो.

लाइट जाता-येता कॉम्प्रेसर अर्धवट थांबला असेल, तर आतला दाब उतरायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ फ्रिजचं बटण बंद ठेवायचं. त्या रात्री मी ते लगोलग चार वेळा दाबलं होतं.