गोळ्यांचा वास आणि कसरीचं पोट

गेल्या सप्टेंबरात चिपळूणच्या मावशीने कपाटातून स्वेटर काढला आणि माझ्यासमोर धरला. राखाडी, शुद्ध लोकरीचा, हाताने विणलेला. गळपट्टीला तीन भोकं, काखेत दोन आणि पुढे पोटावर एक मोठं. "अगं, सहा गोळ्या टाकल्या होत्या," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. गोळ्या तिथेच होत्या, झिजून हरभऱ्याएवढ्या झालेल्या. वास तर सगळ्या खोलीत भरला होता. मावशीला त्या वासाचाच भरवसा होता.

हा भरवसा मला घरोघरी भेटतो. कपाट उघडल्यावर डांबर गोळीचा वास आला की लोकरीचं रक्षण चालू आहे, असं मानलं जातं. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ही गोळी नॅप्थलीनची असते. ती वितळत नाही, घन अवस्थेतून थेट वाफ होते. ही वाफ कसरीला मारते खरी, पण बंदिस्त जागेत दाटून राहिली तरच. डब्याचं झाकण घट्ट असेल, पिशवीचं तोंड हवाबंद असेल, तर तेवढी दाट वाफ आत साठते. आपल्या लाकडी कपाटांच्या दारांना फटी असतात आणि आपण ते कपाट रोज दोनदा उघडतो. वास खोलीत येतो याचाच अर्थ वाफ कपाटात टिकत नाही. जी वाफ आपल्या नाकापर्यंत पोचली, ती कसरीच्या कामाची उरलेली नाही.

मुळात कसर कोण, हेही बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. पुस्तकांच्या पानांतून सुळकन पळणारा चंदेरी किडा आणि लोकर खाणारी अळी, दोघांनाही आपण कसरच म्हणतो. पण लोकर खाते ती एका फिकट सोनेरी पतंगाची अळी, तांदळाच्या दाण्याहून फार मोठी नसलेली. तिचा पतंग काहीच खात नाही. तो अंडी घालतो आणि मरतो. म्हणून दिव्याभोवती फिरणारे पतंग मारून लोकर वाचत नाही. अळी अंधाऱ्या घडीत, शिवणीत, गळपट्टीच्या आतल्या बाजूला बसते. मावशीचा स्वेटर उजेडात उलटा केला तेव्हा भोकांच्या कडेला रेशमी जाळीच्या बारीक नळ्या दिसल्या, आणि रव्यासारखे राखाडी कण. ती अळीची विष्ठा. जी लोकर खाल्ली तिचाच रंग विष्ठेला येतो, म्हणून ती धुळीसारखी दिसते आणि झटकून टाकली जाते. हे कण दिसले की भोकं शोधायला लागा.

भोकं नेमकी तिथेच का, याचं उत्तर सोपं आहे. नुसत्या स्वच्छ लोकरीवर ही अळी नीट पोसत नाही. तिला लोकरीबरोबर घामाचे क्षार, तेल, सांडलेलं अन्न हवं असतं. गळा, काख आणि पोटावरचा तो डाग, जिथे मावशीच्या म्हणण्याप्रमाणे हिवाळ्यात आमटी सांडली होती आणि तिने ओल्या फडक्याने पुसून घेतली होती. स्वेटर न धुता ठेवला गेला, एवढीच चूक होती. ती चूक सहा गोळ्यांनी भरून निघत नाही.

आता पावसाळ्यात लोकरीला येणाऱ्या कुबट वासाचं. हा वास बुरशीचा असतो आणि डांबर गोळी हवेतला ओलावा जराही शोषत नाही. कुबट वासावर गोळीचा वास चढतो, एवढंच होतं. लोकरीचा स्वभाव असा, की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी हवेतून पिऊन घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. कोकणातल्या जुलैच्या हवेत दोन किलोच्या घोंगडीत अर्धा लिटरच्या आसपास पाणी सहज असतं. "हात लावून पाहिलं, कोरडी होती" हे म्हणूनच पुरेसं नाही. लोकर कोरडी करायची वेळ मे महिन्यात असते, श्रावणात नाही.

मावशीकडे यंदा आम्ही काय केलं ते सांगते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे लोकरी कपडे कोमट पाण्यात सौम्य द्रवसाबणाने धुतले, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढलं आणि सावलीत आडवे पसरून वाळवले. नंतर सलग तीन दिवस उन्हात, दर दोन तासांनी उलटून. पक्क्या रंगाची खात्री नसलेल्या शाली तेवढ्या सावलीत वाऱ्यावर. घोंगडी न धुता झोडपून उन्हाला दिली. संध्याकाळी प्रत्येक कपड्याच्या शिवणी आणि खिसे कडक ब्रशने झाडले, कारण अळ्या उजेडापासून पळून घडीत शिरतात आणि ऊन सगळ्यांना मारतंच असं नाही. कपडे रात्रभर घरात पूर्ण गार होऊ दिले. गरम कपडा प्लॅस्टिकमध्ये भरला तर आत बाष्प धरतं. मग जाड झिपच्या पिशव्यांत, हवा दाबून काढून, प्रत्येकीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून बंद केले. पिशव्या बाहेरच्या भिंतीला न टेकवता मधल्या भिंतीच्या कपाटात ठेवल्या. पावसाची ओल बाहेरच्या भिंतीतूनच झिरपते.

प्लॅस्टिकने लोकर कुजते, हा समज दमट कपडे पिशवीत भरण्यातूनच आला आहे. ओला कपडा प्लॅस्टिकमध्ये कुजतो. वाळलेला सुरक्षित राहतो, कारण पावसाळी हवा आत येत नाही आणि पतंगालाही शिरता येत नाही.

कडुलिंबाचा पाला? ओला पाला तर ओलावाच आत घेऊन येतो, आणि वाळलेला असला तरी त्याच्या भरवशावर न धुतलेली लोकर ठेवू नका. कापूर, लवंग, वेखंड यांचंही तेच. पावसाळ्यात मधूनमधून हवा द्यावी? हवाबंद ठेवलेल्या लोकरीला नाही. ओल्या दिवशी उघडलेली पिशवी मेची मेहनत वाया घालवते. दसऱ्यानंतरच्या कोरड्या उन्हातच उघडा. आणि प्रत्येक उबदार कपडा लोकरीचा असतो असंही नाही. एक धागा काढून जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक गोळा झाला तर अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर. त्याला ओलीपासून जपा, कसरीची चिंता फारशी नको.

एवढं करूनही कोणाला गोळ्या हव्याच असतील, तर त्यांच्याबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली नॅप्थलीनला माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत घातलं. त्याहून तातडीचा धोका नवजात बाळांना आहे. ग्रीसमधल्या डॉक्टरांनी १९६३ सालीच नोंदवलं, की नॅप्थलीनमध्ये ठेवलेल्या पांघरुणांच्या वासाने काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फुटल्या आणि त्यांना तीव्र कावीळ झाली. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असते त्यांना हा त्रास विशेषकरून होतो. ही कमतरता आपल्याकडेही आढळते आणि बाहेरून ओळखू येत नाही. बारशासाठी ठेवणीतली शाल काढाल आणि तिला डांबर गोळीचा वास येत असेल, तर धुऊन, तो वास पुरता जाईपर्यंत वाऱ्यावर ठेवल्याशिवाय ती बाळाच्या अंगावर घालू नका.