मोठा होतो तो लहानांच्या जीवावर

१९०० साली जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्डने पाऱ्याच्या ऑक्साइडचा एक वाद मिटवला. लाल आणि पिवळी भुकटी हे दोन वेगळे पदार्थ नव्हेत, फरक फक्त कणांच्या आकाराचा. बारीक पिवळी भुकटी जास्त विरघळते, एवढेच. बारीक कणाचे बरेचसे अणू पृष्ठभागावर असतात. त्यांना धरून ठेवणारे शेजारी कमी, म्हणून ते लवकर सुटतात. सुटलेला माल द्रावणातून सरकत मोठ्या कणांवर जाऊन बसतो. लहान आणखी लहान होत संपतो, मोठा वाढतो. यालाच ‘ओस्टवाल्ड रायपनिंग’ म्हणतात.

हे किती वेगाने घडते, याचे गणित लिफशिट्झ, स्ल्योझोव्ह आणि वॅग्नर यांनी १९६१ पर्यंत मांडले: सरासरी त्रिज्येचा घन काळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे आकार दुप्पट व्हायला आठपट वेळ. कण विरळ असतील आणि सगळा खेळ मालाच्या सरकण्यावर अवलंबून असेल, तरच हे लागू पडते. कण एकमेकांना थेट चिकटू लागले की हिशेब बदलतो.

१९८१ मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई एकिमोव्हने हाच नियम हत्यारासारखा वापरला. कॉपर क्लोराइड मिसळलेली काच त्याने ५०० ते ७०० अंशांवर एका तासापासून ९६ तासांपर्यंत तापवली. आत सुमारे २ ते ३० नॅनोमीटरचे स्फटिक तयार झाले, आणि स्फटिक जितके लहान तितके ते निळ्या बाजूचा प्रकाश शोषत.

अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये लुई ब्रसला मात्र रायपनिंग न बोलावता भेटले. त्याचे कॅडमियम सल्फाइडचे ताजे कण सुमारे ४.५ नॅनोमीटरचे होते. द्रावण दिवसभर ठेवल्यावर ते १२.५ नॅनोमीटरचे झाले आणि त्यांचे प्रकाशशोषण बदललेले दिसले. आकारमानाचा हिशेब केला तर एका मोठ्या कणात साधारण २१ लहान कणांचा माल येतो. बाटलीत काहीच घातले नव्हते, काढलेही नव्हते. कणांची संख्या तेवढी घटली होती.

कणांच्या आकारावरच रंग ठरत असेल तर असा बेभरवशाचा नमुना काय कामाचा? १९९३ मध्ये मुंगी बावेंडीच्या गटाने तापलेल्या द्रवात कच्चा माल एकदम टोचला, म्हणजे सगळे कण एकाच वेळी जन्मले. पण माल संपत आला की लहान कण पुन्हा विरघळू लागतात, आणि शोषणाचा टोकदार उंचवटा पसरट होतो. १९९८ मध्ये बर्कलीत पेंग आणि अलिविसॅटॉस यांच्या गटाने त्याची नेमकी फोड केली. द्रावणात माल भरपूर असेपर्यंत सगळेच कण वाढतात, त्यातही लहान कण झपाट्याने, त्यामुळे आकार एकसारखे होत जातात. तो कमी पडला की खेळ उलटतो. तेव्हा उंचवटा पसरण्याआधीच माल पुन्हा टोचायचा, नाहीतर भट्टी थंड करायची.